‘काय’ला उत्तर येतं, ‘का’ला वर्ग गप्प होतो: चित्रगोष्टीनंतरचे प्रश्न कुठं अडतात आणि कसे सोडवायचे

चित्रगोष्ट वाचून होते, पुस्तक मिटतं आणि पहिले तीन-चार प्रश्न धडाधड सुटतात. गोष्टीत कोण होतं? करडू! आज्जी कुठं गेली? बाजाराला! सगळा वर्ग एका सुरात ओरडतो. मग बाई विचारतात, “रेणू दाराआड का लपली?” आणि आवाज बंद. कुणी खिडकीबाहेर बघतं, कुणी शेजारच्याचं दप्तर ओढतं, आणि बराच वेळ गेल्यावर एखादं पोर आधीचंच उत्तर पुन्हा देतं, “बाजाराला!” दुसऱ्या आठवड्यात पुस्तक बदलतं, पण गाडी त्याच ठिकाणी अडते.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी बालवाड्यांत आणि एलकेजी-यूकेजीच्या वर्गांत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणी एकत्र आल्या की ही तक्रार हमखास निघते. त्यावर दोन उपाय सर्रास केले जातात. एक म्हणजे “पोरं अजून लहान आहेत” म्हणून ‘का’ विचारणंच सोडायचं. दुसरा म्हणजे प्रश्न विचारून उत्तर आपणच सांगायचं आणि मुलांकडून ते दोनदा म्हणवून घ्यायचं. पहिल्या उपायानं मुलांना अंदाज बांधायची संधीच मिळत नाही. दुसऱ्यानं त्यांना आणखी एक वाक्य पाठ होतं, एवढंच.

बहुतेक वेळा अडचण मुलांच्या वयात नसते. ‘कोण’, ‘कुठं’ यांच्यानंतर आपण एकदम ‘का’वर उडी मारतो आणि मधल्या पायऱ्या विचारायच्याच राहून जातात. मॅरियन ब्लँक, सुझन रोज आणि लॉरा बर्लिन यांनी 1978 मध्ये लहान मुलांना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या चार पातळ्या मांडल्या. त्या वर्गात वापरायला फार सोप्या आहेत. पहिल्या पातळीवर मूल समोर दिसणाऱ्या गोष्टीचं नाव सांगतं किंवा तिच्यावर बोट ठेवतं. दुसऱ्या पातळीवर ती गोष्ट कशी आहे, काय करते आहे, कुठं आहे हे सांगतं. तिसऱ्या पातळीवर दिसतं त्याच्या जरा पलीकडं जावं लागतं: आधी काय होतं, आता काय बदललं, पुढं काय होईल, यातलं वेगळं कोणतं. चौथ्या पातळीवर कारण, म्हणजे असं का झालं आणि ते कशावरून कळलं. आपले प्रश्न पहिल्या पातळीवर सुरू होतात आणि थेट चौथीवर जातात. दुसरी आणि तिसरी पायरी विचारली जातच नाही.

हे एका पुस्तकावर करून दाखवते. पुस्तक मी वर्गासाठी हातानं केलेलं आहे: आठ पानं, जाड पुठ्ठा, प्रत्येक पानावर एक मोठं चित्र आणि जेमतेम एखादं वाक्य. अंदाजाच्या प्रश्नांना असंच पुस्तक लागतं, कारण वाक्यानं सगळं सांगून टाकलं तर मुलाला शोधायला काही उरत नाही.

पान एक: सोप्यात आज्जी आणि लाल परकरातली रेणू, खांबाला दाव्यानं बांधलेलं करडू, मागच्या दारातून दिसणारा परड्यातला मेथीचा हिरवागार वाफा. पान दोन: पिशवी घेऊन आज्जी बाजाराला निघाली आहे आणि रेणूला करडाकडं लक्ष द्यायला सांगते आहे. पान तीन: रेणू करडाशी खेळते आहे, तिचा एक हात दाव्याच्या गाठीवर आहे. पान चार: वाक्य नाही. खांब, जमिनीवर पडलेलं दावं, उघडं दार. पान पाच: वाफ्यात निम्म्या काड्या उरल्यात, मातीत बारीक खुरं उठलीत. पान सहा: पायरीवर करडू झोपलंय, ओठाला हिरवं पान चिकटलंय. पान सात: आज्जी परत आलीय, परड्याकडं बघतेय, आणि दाराआडून लाल परकराची कड, दोन पावलं आणि रेणूचा अर्धा चेहरा दिसतोय. पान आठ: दोघी मिळून दाव्याची गाठ मारतात.

आधी दोष कुठं आहे ते तपासा

वर्ग गप्प झाला की लगेच दुसरा प्रश्न टाकू नका. गप्प होण्याची कारणं निरनिराळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. तपासायला दोन मिनिटं पुरतात.

पहिली तपासणी दिसण्याची. मागच्या रांगेतल्या एका मुलाला बोलवा आणि पुस्तक त्याच्या हातात देऊन तोच प्रश्न हळू आवाजात विचारा. उत्तर आलं, तर त्याला मघाशी चित्रच दिसत नव्हतं. वहीच्या आकाराच्या पुस्तकातलं जमिनीवर पडलेलं दावं दोन-तीन हातांवरून दिसतं, वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून नाही. ‘कोण’, ‘कुठं’ची उत्तरं कानानं ऐकून देता येतात, म्हणून तिथं कुणाचं काही बिघडत नाही. अंदाजाचं उत्तर चित्रातल्या बारीक खुणेवर उभं असतं, म्हणून ते तिथंच कोसळतं. यावर उपाय म्हणजे अर्धवर्तुळात जवळ बसवणं आणि पान उलटण्यापूर्वी पुस्तक डावीकडून उजवीकडं सावकाश फिरवणं. वर्ग तीसचा असेल तर दोन गट करा. एका गटाला मणी ओवायला किंवा चित्र रंगवायला द्या आणि दुसऱ्याला गोष्टीला घ्या. जुलैत खानापूर-जांबोटीकडं पावसाची झड लागते आणि निम्मा वर्ग येत नाही. असे दिवस रिकामे समजून घालवू नका. सात-आठ मुलं मांडीला मांडी लावून बसली की याच प्रश्नांना कितीतरी जास्त उत्तरं येतात.

दुसरी तपासणी शब्दाची. “दाव्यावर बोट ठेव” असं सांगा. खेड्यातल्या मुलाचं बोट लगेच दाव्यावर जातं. टिळकवाडी-शहापूरकडच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला दावं ठाऊकच नसतं, ते सगळ्या चित्रावर हात फिरवत राहतं. त्याला शब्द अडवतोय. अशा वर्गात गोष्टीआधी खरं दावं, नाहीतर साधी सुंभाची दोरी, वर्गात आणा आणि टेबलाच्या पायाला गाठ मारून सोडून दाखवा. गाठ सोडता येते हे हातानं कळल्याशिवाय “दावं कुणी सोडलं” या प्रश्नाला अर्थच येत नाही.

तिसरी तपासणी बोलण्याची. बोट बरोबर जागी जातं पण तोंडातून शब्द येत नाही, तेव्हा दोन पर्याय देऊन विचारा: “दावं आपोआप सुटलं, की कुणी सोडलं?” उत्तर आलं तर मुलाला कळलेलं आहे, वाक्य जुळवायला जमत नाही. आपल्या भागात इथं घरच्या भाषेचाही विचार करावा लागतो. मराठी वर्गात कानडी घरातली पोरं असतात, उर्दू बोलणाऱ्या घरांतलीही असतात. एखादी मुलगी दाव्यावर बोट ठेवून “हग्ग” म्हणते. तिनं दोरी बरोबर ओळखलेली आहे. “हो, हग्ग, दावं. ते कुठं पडलंय?” असं म्हणून तिचा शब्द घ्यायचा, आपला त्याला जोडायचा आणि पुढं जायचं. “मराठीत सांग” म्हणून तिथंच थांबवलं तर तिचा अंदाज तोंडात येण्याआधीच विरून जातो. शब्द उद्या शिकवता येईल, ती विचार करत असते तो क्षण उद्या परत येणार नाही.

तिन्ही तपासण्यांत काही सापडलं नाही, म्हणजे चित्र दिसतंय, शब्द येतो, बोलणंही जमतं आणि तरी ‘का’ला उत्तर येत नाही, तर मात्र पायऱ्या सुटल्या आहेत. सगळ्यात जास्त वेळा आढळतं ते हेच.

एकाच पानावर पायऱ्या चढणं

चौथं पान घेऊ, ज्यावर एकही वाक्य नाही. पुस्तक उघडं ठेवायचं. पुस्तक मिटून प्रश्न विचारायची सवय आधी सोडायला हवी. पाच वर्षांच्या मुलाला आठवणं आणि अंदाज बांधणं ही दोन कामं एकदम दिली की ते सोपं काम, म्हणजे आठवणं, तेवढंच करतं.

“इथं काय काय दिसतंय?” खांब. दोरी. दावं. दार. ही पहिली पायरी. इथं सगळ्यांनी एकदम ओरडलं तरी चालतं, कारण चित्राकडं डोळे वळवणं एवढंच काम आहे.

“दावं कसं आहे?” खाली पडलंय. “आणि दार?” उघडं. दुसरी पायरी. याच्यापुढं समूहानं ओरडणं थांबवायचं. एका सुरातल्या उत्तरात दोन मुलं विचार करतात आणि बाकीची त्यांच्या आवाजात आवाज मिसळतात, त्यामुळं कुणाला कळलं आणि कुणाला नाही हे आपल्याला ओळखता येत नाही. मी म्हणते, “उत्तर आधी शेजाऱ्याच्या कानात सांगा.” कुजबुज सुरू झाली की मी रांगेतून वाकून दोघा-तिघांचं ऐकते. वर्गासमोर कधीच न बोलणारी मुलं कानात बोलतात.

“मागच्या पानावर दावं कुठं होतं?” इथं पान मागं उलटून दाखवायचं. आठवायला लावायचं नाही. करडाच्या गळ्यात. “आता?” पुन्हा पुढचं पान. “करडूच न्हाई!” ही तिसरी पायरी, आणि सगळ्यात जास्त वेळ इथंच द्यायचा. दोन पानं मागंपुढं करताना मुलांच्या चेहऱ्यावर काहीतरी जुळल्याचं स्पष्ट दिसतं. ते दिसेपर्यंत पान उलटत राहायला हरकत नाही.

“मग काय झालं असेल?” आणि आता थांबायचं. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण ऐकून दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात आणि आपण होऊन कारणंही सांगतात. बालवाडीत मी मनातल्या मनात सावकाश पाचपर्यंत मोजते. त्या वेळात प्रश्न पुन्हा विचारायचा नाही, शब्द बदलून तर मुळीच नाही. शब्द बदलला की मुलाला तो नवा प्रश्न वाटतो आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं.

“सुटलं.” “आपोआप सुटलं, की कुणी सोडलं?” इथं एका मुलानं ठामपणे सांगितलं, “चावून तोडलंय.” अशा उत्तराला ‘चूक’ म्हणून बाजूला सारू नका. करडं दावं चघळतात, त्यानं ते घरी बघितलेलं होतं. त्याचा अंदाज चांगलाच होता, चित्राशी पडताळायचा तेवढा राहिला होता. म्हणून मी विचारलं, “चावून तुटलं असतं तर दाव्याचं टोक कसं दिसलं असतं?” तो उठून पुस्तकाजवळ आला आणि नाक चित्राला लागेल इतकं वाकून बघायला लागला. टोक अखंड काढलेलं आहे, धागे सुटलेले नाहीत. “न्हाई, तुटलं न्हाई,” त्यानंच सांगितलं. तेवढ्यात त्याच्या मागून एक मुलगी पुढं आली, काही न बोलता तिनं एक पान मागं उलटलं आणि रेणूच्या गाठीवरच्या हातावर बोट टेकवलं.

ते बोट म्हणजेच उत्तर. चौथी पायरी तिनं शब्दावाचून गाठली होती. मग मी तिच्यासाठी वाक्य केलं: “रेणूचा हात गाठीवर आहे, म्हणून तुला वाटतं रेणूनं सोडलं.” तिनं मान हलवली, आणि सहाव्या पानाला तिनं ‘म्हणून’ स्वतः वापरलं: “पान तोंडाला हाय म्हणून करडानं खाल्लं.” मुलांना कारणाची वाक्यरचना अशीच मिळते. त्यांनी खूण दाखवायची आणि आपण ती ‘म्हणून’नं जोडून परत द्यायची.

या सगळ्यात ‘का’ हा शब्द मी एकदाही वापरला नाही, आणि ते ठरवून. घरात मुलाला ‘का’ ऐकू येतो तो बहुधा काहीतरी सांडल्यावर: “का केलंस असं?” त्या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसतं, मान खाली घालणं अपेक्षित असतं. म्हणून सुरुवातीचे काही महिने “कशावरून कळलं?”, “चित्रात कुठं दिसतंय?”, “काय झालं असेल?” हेच वापरावेत. मुलं खुणा दाखवायला सरावली की ‘का’ आणावा. मग तो त्यांना टोचत नाही.

उत्तरं येतात, पण भलतीच

गप्प वर्गानंतरची ही दुसरी तक्रार. पाचव्या पानावर “मेथी कुणी खाल्ली?” विचारलं की कुणी “वाघ!” म्हणतं, कुणी “आमच्या शेळीनं पण शेंगा खाल्ल्या” म्हणून लांबलचक हकीकत सुरू करतं. या दोन्ही उत्तरांना वेगवेगळं वागवायला हवं.

‘वाघ’ म्हणणाऱ्याला चित्राकडं परत आणायचं: “वाघ आला असता तर मातीत पाय केवढे उमटले असते?” खुरं बारीक आहेत हे त्यालाच सापडतं. दरवेळी हाच प्रश्न येतो हे कळल्यावर मुलं उत्तर देताना बोट आधीच चित्रावर ठेवायला लागतात. पण एक काळजी घ्या. भलतं वाटणारं उत्तर कधीकधी तुमच्यापेक्षा बारीक निरीक्षणातून आलेलं असतं. सातव्या पानावर एकानं सांगितलं, “आज्जी वरडणार न्हाई.” मी कशावरून विचारलं तर त्यानं आज्जीच्या पिशवीकडं बोट दाखवलं, तिच्यातून मेथीची जुडी डोकावत होती. भाजी घरी आलीच आहे, मग ओरडायचं कशाला, असा त्याचा हिशेब होता. म्हणून ‘कशावरून’ हे बरोबर उत्तरालाही विचारायचं आणि चुकीच्या उत्तरालाही. फक्त चुकलेल्यालाच विचारलं तर मुलं लगेच ओळखतात आणि ‘कशावरून’ ऐकताच उत्तर बदलतात. तुमच्या वर्गात असं होत असेल तर समजा की तुमचा ‘कशावरून’ आता ‘चूक’ या अर्थानं पोचतोय.

आमच्या शेळीची हकीकत सांगणाऱ्याला अडवू नका, पण तिथंच रेंगाळूही नका. “तुमच्या शेळीनं शेंगा खाल्ल्या तेव्हा घरचे काय म्हणाले?” एवढंच विचारा आणि ते उत्तर गोष्टीत आणा: “मग आता रेणूला काय वाटत असेल?” रेणूची भीती चित्रात अर्ध्या चेहऱ्यावरच दिसते. तिच्यापर्यंत पोचायला मुलाला स्वतःच्या घरातला तो प्रसंग उपयोगी पडतो. भावनेचा प्रश्न आणि कारणाचा प्रश्न यांत मी हाच क्रम ठेवते: आधी “रेणूला कसं वाटतंय”, मग “ती दाराआड कशासाठी गेली”. उलट क्रमानं विचारलं की “लपाछपी खेळायला” हे उत्तर येतं. तेही अगदीच निराधार नसतं, पण आधीच्या तीन पानांना ते जोडलेलं नसतं.

कुठला प्रश्न कुणाला विचारू नये

एक प्रश्न असा आहे की एलकेजीत तो अडला तर तुम्ही काही दुरुस्त करायचं नाही. “दावं कुणी सोडलं हे आज्जीला ठाऊक आहे का?” आज्जी तर बाजारात होती. पण साडेतीन वर्षांचं मूल बिनधास्त “हो” म्हणतं, कारण त्याला स्वतःला ठाऊक आहे. आपल्याला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसू शकतं ही समज साधारण चार ते पाच वर्षांच्या दरम्यान येते. हाइन्झ विमर आणि योझेफ पर्नर यांनी 1983 मध्ये हे तपासलं होतं. गोष्टीतला मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्या मागं आई ते दुसरीकडं ठेवते. परत आल्यावर तो कुठं शोधेल? अगदी लहान मुलं सांगतात, जिथं ते आता आहे तिथं. थोडी मोठी मुलं सांगतात, जिथं त्यानं ठेवलं होतं तिथं.

म्हणून हा प्रश्न यूकेजीला ठेवावा. एलकेजीला त्याऐवजी “आज्जी कुठं होती?” आणि “आज्जीला दावं सोडताना दिसलं का?” एवढंच विचारावं. दोन्ही वयाची मुलं एकत्र बसत असतील, आणि लहान गावांत ती बसतातच, तर मोठा प्रश्न मोठ्यांना विचारा आणि लहानांना ऐकू द्या. लहानांनी चुकीचं उत्तर दिलं तर दुरुस्त करत बसू नका. वर्षभरात ते आपोआप सुधारतं.

दुसऱ्या दिवशी सगळं बरोबर येतं, तेव्हा

ही खूण मात्र फसवी आहे. काल चौथ्या पानावर इतका वेळ घालवला, आज पान उघडायच्या आधीच वर्ग ओरडतो, “रेणूनं सोडलं!” बाईंना बरं वाटतं. पण आता ते आठवणीतलं उत्तर झालं. कालचा अंदाजाचा प्रश्न आज ‘आज्जी कुठं गेली’च्याच रांगेत जाऊन बसला. ओळखायचं कसं? सगळ्यांचं उत्तर शब्दाला शब्द सारखं येतं, आणि बोट चित्राकडं जात नाही.

तरीही तेच पुस्तक पुन्हा वाचायला हवंच. ली मॅगी आणि जुडिथ शिकेडान्झ यांनी 2007 मध्ये बालवाडीसाठी एकच पुस्तक तीनदा वाचण्याची पद्धत मांडली. पहिल्या वाचनात शिक्षिका स्वतः मोठ्यानं विचार करते, म्हणजे मुलांना कारण कसं बांधतात ते ऐकू येतं. दुसऱ्या वाचनात प्रश्न वाढतात. तिसऱ्यात मुलंच पान बघून गोष्ट सांगतात. आपल्याकडं बहुतेक जणी पहिल्याच वाचनात सगळे प्रश्न विचारून टाकतात, तेही मुलं गोष्ट पहिल्यांदाच ऐकत असताना. मी पहिल्या वाचनात प्रश्न जवळजवळ विचारतच नाही. पाचव्या पानाशी थांबून स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणते, “इथं कुणीतरी येऊन गेलंय वाटतं, मातीत खुरं उठलीत.” वर पायऱ्या चढून दाखवल्या ते चौथं पान दुसऱ्या वाचनातलं आहे.

तिसऱ्या वाचनात पाठ झालेलं उत्तर हलवायचं असेल तर चित्रातली एक गोष्ट बदला. पुठ्ठ्याच्या तुकड्यानं चौथ्या पानावरचं उघडं दार झाका आणि विचारा, “दार बंद असतं तर करडू कुठं गेलं असतं? काय खाल्लं असतं?” आता सोप्यात काय काय आहे ते मुलांना पहिल्या पानावर जाऊन पुन्हा बघावं लागतं. कोपऱ्यात भाताची कणगी आहे, सुपात शेंगा आहेत, आज्जीचं लुगडं वाळत घातलंय. पाठ केलेलं इथं उपयोगी पडत नाही. ज्या मुलाला कालचं फक्त आठवत होतं ते इथं पुन्हा “मेथी” म्हणतं. त्याला तिसऱ्या पायरीवर परत न्यायचं, म्हणजे दोन पानं शेजारीशेजारी दाखवायची.

प्रश्नांचं प्रमाण किती ठेवावं हे नेहमी विचारलं जातं. मी दुसऱ्या वाचनाला साधारण दहा प्रश्न धरते. त्यातले सहा-सात पहिल्या दोन पायऱ्यांचे आणि तीन-चार वरचे. सगळे अवघड ठेवले तर मागं पडणारी मुलं दहा मिनिटांत उठून जातात, आणि सगळे सोपे ठेवले तर पुढची मुलं कंटाळून दंगा सुरू करतात. अंदाजाच्या प्रश्नांना मी पूर्ण पुस्तकात दोनच पानं निवडते, इथं चौथं आणि सातवं. बाकीची पानं सरळ वाचून पुढं जाते, नाहीतर गोष्टीची गोडी जाते.

नवं पुस्तक हातात आलं की मी आदल्या दिवशी कागदाच्या पट्टीवर त्या दोन पानांचे प्रश्न लिहून त्याच पानांत खोचते. प्रत्येक वरच्या प्रश्नासमोर त्याच्या उत्तराची खूण चित्रात कुठं आहे ते लिहिते: दावं, पान तीन, खुरं, पान पाच. ही जागा रिकामी राहिली, म्हणजे उत्तराची खूण कुठल्याच चित्रात सापडली नाही, तर तो प्रश्न कितीही आवडला तरी खोडते. बाजारातल्या बऱ्याच गुळगुळीत पुस्तकांत वाक्य सांगतं तेवढंच चित्रात असतं. ती पुस्तकं वाचून दाखवायला छान असतात, पण त्यांच्यावर अंदाजाचे प्रश्न चालत नाहीत. अशा पुस्तकावर वर्ग गप्प झाला तर मुलांकडं बघू नका, चित्राकडं बघा. पुस्तक बदलणं शक्य नसेल तर एका पानावरचं वाक्य कागद लावून झाका, चित्र आधी दाखवा, मुलांना बोलू द्या आणि मग कागद काढून वाक्य वाचा. असं झाकण्याजोगं एखादं तरी पान बहुतेक पुस्तकांत सापडतं.